नॅनोड्रॉपचे ११.४ आणि क्युबिटचे ०.३८

प्रश्न: चोडणच्या खारफुटीतला चिखल घेऊन किटने डीएनए काढला. नॅनोड्रॉपवर ११.४ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आले, २६०/२८० हे गुणोत्तर १.६ आणि २६०/२३० हे ०.४. तीच नळी क्युबिटवर (हाय सेन्सिटिव्हिटी किट, २ मायक्रोलिटर नमुना) ०.३८ दाखवते. तीस पटींचा फरक कसा काय? पीसीआरला कोणता आकडा धरू?

उत्तर:

पीसीआरसाठी क्युबिटचा आकडा धरा, पण तोही एक तपासणी केल्यावर धरा, कारण खारफुटीच्या चिखलात क्युबिटलाही फसवणारे पदार्थ असतात. तपासणी कशी करायची ते पुढे सांगतो. आधी हे दोन आकडे कुठून आले ते पाहू.

नॅनोड्रॉप डीएनए मोजत नाही, तो २६० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण मोजतो. दुपेडी डीएनएचे ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर इतके द्रावण १ सेंटिमीटर जाडीच्या थरात १.० एवढे शोषण देते, आणि या ठरलेल्या गुणकाने यंत्र शोषणाचे रूपांतर प्रमाणात करते. तुमचे ११.४ म्हणजे १ सेंटिमीटरच्या हिशेबाने ०.२२८ शोषण. हे शोषण ज्याचे असेल त्याचे असो, यंत्र ते सगळे डीएनएच्या खात्यावर मांडते. आता उलट बाजूने हिशेब करा. नळीत खरोखर ०.४ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर डीएनए असेल, तर त्याचे शोषण १ सेंटिमीटरला ०.००८ येईल आणि थेंबाच्या १ मिलिमीटर थरात फक्त ०.०००८. म्हणजे ०.२२८ पैकी डीएनएचा वाटा साडेतीन टक्के, बाकीचे साडेशहाण्णव टक्के दुसऱ्याच कशाचे तरी. शिवाय या यंत्राच्या बहुतेक मॉडेल्सना सुमारे २ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या खाली भरवशाचे वाचन देता येत नाही. तुमच्या नमुन्यातला डीएनए त्या मर्यादेच्या पाचव्या भागाएवढा आहे, तेव्हा नमुना अगदी स्वच्छ असता तरी तिथे दिसलेला आकडा हा बव्हंशी यंत्राच्या पायरेषेचा चढउतारच असता.

ते 'दुसरे काहीतरी' कोणते, याचा माग आकड्यांपेक्षा आलेखात जास्त स्पष्ट दिसतो, म्हणून पडद्यावरचा पूर्ण वर्णपट उघडून पाहा. डीएनएचा आलेख २३० ला खोलगट असतो, २६० ला गोलसर शिखर घेतो आणि ३०० च्या आसपास पायथ्याला येतो. खारफुटीच्या चिखलातल्या ह्युमिक आम्लांचा आलेख मात्र २३० पासून ३५० पर्यंत सलग उतरत जातो, २६० ला त्याला शिखर नसते, आणि ३२० ला शून्याच्या बराच वर असतो. यंत्र ३४० चे वाचन पायरेषा म्हणून वजा करत असले, तरी अशा उतरत्या आलेखातून ते वजा केल्याने २६० वरचा ह्युमिकचा भाग निघून जात नाही. तुमचे ०.४ हे गुणोत्तर याच आलेखाशी जुळते. किटच्या गाळणीतून उरलेले ग्वानिडीनचे क्षारही २३० ला खूप शोषतात, परंतु ते २६० ला फारसे दिसत नाहीत. त्यामुळे एकट्या ग्वानिडीनने गुणोत्तर बिघडेल, ११.४ हा आकडा मात्र येणार नाही. इल्युशनचा द्रव फिकट चहाच्या रंगाचा दिसत असेल, तर ह्युमिकविषयी शंकेला जागाच उरत नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे मला अगत्याचे वाटते. काही किटमध्ये थोडा डीएनए गाळणीवर नीट धरला जावा म्हणून वाहक आरएनए घालतात. अशा नमुन्याचा आलेख देखणा, गुणोत्तरही चांगले, आणि तरीही आकडा जवळपास सगळा त्या घातलेल्या आरएनएचा असतो. म्हणून २६०/२८० चांगले आले याचा अर्थ मोजलेले सगळे डीएनए आहे, असा घेऊ नये. तुमच्या किटमध्ये वाहक आरएनए आहे का, ते माहितीपत्रकात बघून घ्या.

आता क्युबिटकडे वळू. यातला रंजक पिकोग्रीनच्या जातकुळीचा आहे. मोकळा असताना तो जवळजवळ प्रकाशत नाही. दुपेडी डीएनएच्या जोड्यांमध्ये आणि लहान खाचेत बसला, की त्याची हालचाल बांधली जाते आणि निळ्या प्रकाशात तो हिरवा उजळतो. पिकोग्रीनच्या बाबतीत ही वाढ हजार पटींहून जास्त असते. आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, प्रायमर यांना तो फारसा दाद देत नाही. याच निवडकपणामुळे तो अतिविरल नमुन्यात उपयोगी पडतो, आणि याच निवडकपणामुळे त्याला एक आंधळी बाजूही आहे: एकपेडी डीएनए त्याला जवळपास दिसत नाही. तुम्ही नमुना ९५ अंशांवर उकळला असेल, किंवा चेलेक्ससारख्या पद्धतीने काढला असेल, तर पेड सुटलेले असतात, आणि क्युबिट डीएनए असूनही कमी दाखवतो. त्याच वेळी पेड सुटल्याने २६० चे शोषण वाढते, म्हणजे दोन यंत्रे एकमेकांपासून आणखी दूर जातात. तुम्ही गाळणीचे किट वापरले आहे, त्यामुळे हे कारण तुमच्याकडे मोठे नसावे.

मानकांविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ०.३८ सारख्या आकड्याची खरी बलस्थाने आणि दुबळ्या जागा तिथेच आहेत. या किटमध्ये दोन मानके असतात, एक शून्याचे आणि दुसरे १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरचे. दुसऱ्याचे १० मायक्रोलिटर १९० मायक्रोलिटर रंजकद्रावणात घातले, की नळीत १०० नॅनोग्रॅम डीएनए जातो. तुमच्या २ मायक्रोलिटर नमुन्यातून नळीत गेला फक्त ०.७६ नॅनोग्रॅम, म्हणजे वरच्या मानकाच्या एक टक्क्याहूनही कमी. वरच्या मानकाचे १० ऐवजी ९ मायक्रोलिटरच पडले, तर सगळ्या नमुन्यांचे आकडे साधारण ११ टक्क्यांनी फुगतात, पण सगळे एकाच प्रमाणात फुगतात. शून्याच्या मानकात गडबड झाली, म्हणजे बुडबुडा राहिला, नळीला बोटांचे ठसे लागले किंवा डीएनएचा अंश शिरला, तर वरच्या नमुन्यांना ते जाणवतही नाही, आणि तुमचा आकडा मात्र निम्मा होऊ शकतो किंवा नाहीसाच होऊ शकतो. म्हणून अतिविरल नमुन्यांच्या दिवशी शून्याच्या दोन-तीन नळ्या करा आणि त्यातली एक मानक म्हणून, बाकीच्या नमुना म्हणून वाचा. त्यांचे वाचन 'टू लो' यायला हवे. चिखल न घालता संपूर्ण किटमधून काढलेला कोरा इल्युशनही तसाच वाचा.

तापमानाचीही नोंद घ्या. हा फ्लुरोसन्स तापमान वाढले की घटतो. आपल्याकडे मे महिन्यात वातानुकूलन बंद झालेली खोली सहज ३० अंशांच्या पुढे जाते. मानके फ्रिजमधून थेट काढून वाचली आणि नमुने तासभर टेबलावर पडून राहिले, तर नमुने विनाकारण कमी दिसतात. मानके आणि नमुने एकाच वेळी, एकाच तापमानाला आणून, दोन मिनिटे थांबून एकामागोमाग वाचा, आणि वाचण्यापूर्वी नळी मुठीत धरून ठेवू नका.

आता मूळ तपासणी. ह्युमिक आम्ले निळा प्रकाश स्वतःच शोषून घेतात आणि रंजकाचा उजेड दडपतात, त्यामुळे क्युबिटचे ०.३८ हे खऱ्यापेक्षा कमी असू शकते. ते किती कमी आहे, हे चार नळ्यांत कळते. पहिल्या नळीत २ मायक्रोलिटर नमुना घाला, दुसरीत ८ मायक्रोलिटर नमुना, तिसरीत फक्त १ मायक्रोलिटर वरचे मानक म्हणजे १० नॅनोग्रॅम, आणि चौथीत ८ मायक्रोलिटर नमुना व त्यावर तेच १ मायक्रोलिटर मानक. प्रत्येकीत एकूण आकारमान २०० मायक्रोलिटर भरेल एवढे रंजकद्रावण घाला. दडपणूक नसेल, तर दुसरी नळी पहिलीच्या चौपट येईल आणि चौथी ही दुसरी व तिसरीची बेरीज येईल.

समजा पहिली ०.७६ नॅनोग्रॅम आली, दुसरी ३.०४ ऐवजी २.२ आली, तिसरी बरोबर १०, आणि चौथी ९.०. मग घातलेल्या १० पैकी दिसले ९.० वजा २.२, म्हणजे ६.८, ८ मायक्रोलिटर नमुन्यासोबत फक्त ६८ टक्के उजेड हाती येतो. दुसऱ्या नळीचा आकडा त्याने भागला, तर २.२ भागिले ०.६८ म्हणजे सुमारे ३.२ नॅनोग्रॅम, आणि ८ ने भागल्यावर ०.४ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. नुसत्या ८ मायक्रोलिटरच्या वाचनावरून ०.२८ निघाले असते, २ मायक्रोलिटरवरून ०.३८ निघाले होते. म्हणजे कमी नमुना घातलेली नळी इथे सत्याच्या जास्त जवळ होती. विरल नमुना म्हणून २० मायक्रोलिटर ओतण्याचा मोह होतो, तो ह्युमिक असलेल्या नमुन्यात आवरावा. चौथी नळी नेमकी बेरजेइतकी आली, तर मात्र जास्त नमुना घालणे चांगले, कारण तेव्हा शून्याच्या मानकातली चूक कमी उरते. याशिवाय, तुमच्या किटमध्ये रंजक आणि बफर वेगळे असतील, तर रंजक न घालता नमुना बफरमध्ये घालून एकदा वाचा; काही ह्युमिक पदार्थ स्वतःही हिरवट उजळतात आणि आकडा उलट फुगवतात.

या हिशेबाने तुमच्या नळीत ०.४ च्या आसपास डीएनए आहे असे धरता येईल. पण तो चिखलातल्या सगळ्या जीवांचा मिळून आहे, त्यात बहुतांश जिवाणूंचा असणार. तुम्हाला हव्या असलेल्या एका प्रजातीचा भाग किती हे क्युबिट सांगत नाही, त्याला क्यूपीसीआर लागेल. पीसीआरला १ नॅनोग्रॅम हवा म्हणून २.५ मायक्रोलिटर घालायला जाल, तर त्याबरोबर ह्युमिकही तेवढेच जाईल आणि एन्झाइम अडेल. म्हणून एका नळीत १ मायक्रोलिटर तसाच, दुसरीत १ मायक्रोलिटर पाचपट पातळ करून घाला, दोन्हींत बीएसए घाला. पातळ केलेल्यात पट्टी आली आणि मूळ नमुन्यात आली नाही, तर अडचण डीएनए कमी असण्याची नसून ह्युमिकची आहे. अशा वेळी आणखी डीएनए काढत बसण्यापेक्षा तोच नमुना ह्युमिक काढणाऱ्या गाळणीतून एकदा फिरवा आणि त्यानंतर चारही नळ्या पुन्हा वाचा.