सोसायटीच्या नव्या सभासदांना ‘सामायिक मालकी’ पत्रातून कशी समजवायची?

प्रश्न: नाशिकला आमच्या सोसायटीचा नुकताच सेक्रेटरी झालोय. नवीन सभासदांना पत्र लिहायचंय. ‘इमारत सगळ्यांची’ म्हणजे नेमकं काय, हे कसं सांगू?

उत्तर:

आधी कागद बघा. नाशकात बऱ्याच इमारती 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, बोलताना मात्र सगळे सोसायटीच म्हणतात. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट तुमच्या नावावर असतो, सामायिक भागात ठरलेला टक्का असतो आणि खर्चही त्याच टक्क्याने वाटला जातो. सहकारी सोसायटीत तसं नसतं. तिथे इमारत संस्थेची. सभासदाला संस्थेचे भाग म्हणजे शेअर आणि आपला फ्लॅट वापरायचा हक्क मिळतो. मत एकच, फ्लॅट केवढाही असो.

मीही इंदिरानगरला सेक्रेटरी आहे. माझ्या पत्रात अर्धं पान मी मासिक बिलालाच देतो, कारण भांडणं तिथेच होतात. वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सगळ्या फ्लॅटना समान. समजा 20 फ्लॅट आहेत आणि हा खर्च महिन्याला 36,000 रुपये. मग वन बीएचकेला 1,800 आणि थ्री बीएचकेलाही 1,800. छोट्या फ्लॅटवाले इथे भडकतात. त्यांना मी विचारतो, वॉचमन तुमच्या घरावर कमी लक्ष ठेवतो का?

दुरुस्ती निधी आणि पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा सिंकिंग फंड मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत वगळून. किमान दर वर्षाला अनुक्रमे पाऊण टक्का आणि पाव टक्का. म्हणजे दोन्ही मिळून एक टक्का. बांधकाम खर्च 12 लाख असेल तर वर्षाला 12,000, महिन्याला हजार. 6 लाख असेल तर पाचशे. म्हणून एकाचं बिल 2,800 आणि दुसऱ्याचं 2,300. पाणीपट्टी आणि घरपट्टी वेगळी. पत्राला असं एक नमुना बिल जोडाच, अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

गच्चीबद्दल एक वाक्य पुरे: वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची कुणाची होत नाही. मोकळ्या आणि स्टिल्ट पार्किंगचंही तेच. बिल्डरला ती जागा स्वतंत्र विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगितलंय. कुणी बिल्डरची पार्किंगची पावती दाखवली तरी जागावाटप सोसायटीच करणार, हे पत्रात लिहून ठेवा.

आणि ‘जमीन आपल्या सगळ्यांची’ असं लिहिण्याआधी सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून बघा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, झालं नसेल तर तिथे अजून बिल्डरचं नाहीतर मूळ जमीनमालकाचं नाव असेल. पुनर्विकासाची वेळ आली की नेमकं यावरच घोडं अडतं. तसं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी कन्व्हेयन्स मिळवायचा, अर्ज करायचाय, हेही पत्रात कळवा, म्हणजे कागद गोळा करताना नवे सभासद आपल्या करारनाम्याच्या प्रती मुकाट देतील.