मंगल कार्यालयाची अनामत आणि कपातीची बाबवार यादी

प्रश्न : इंदूरला फेब्रुवारीत मुलीचे लग्न झाले. कार्यालयाला 50,000 रुपये परत मिळणारी अनामत दिली होती. महिना होत आला, तरी व्यवस्थापक फोनवर एवढेच म्हणतात, ‘तूटफूट बरीच झाली आहे, 18,000 परत करू.’ कशाचे किती कापले ते लेखी देत नाहीत. भांडण न करता, पण ठामपणे काय आणि कसे लिहावे?

उत्तर :

आमच्या समाजाच्या कार्यालयाची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे होती, त्यामुळे अनामतीचा हिशेब टेबलाच्या पलीकडून कसा होतो हे मी जवळून पाहिले आहे. बहुतेक ठिकाणी आधी कापायची रक्कम ठरते आणि यादी कोणी मागितली तरच तिच्यासाठी बाबी शोधल्या जातात. म्हणून आपल्या पत्राचा रोख ‘माझे पैसे परत करा’ यापेक्षा ‘कपातीचा प्रत्येक रुपया कोणत्या वस्तूचा, ते दाखवा’ असा असावा.

पत्रात दोन मागण्या वेगवेगळ्या ठेवाव्यात. जे 18,000 रुपये देणे आहे असे ते स्वतःच म्हणतात, त्यांच्याबद्दल वाद नाही, तेव्हा ते लगेच खात्यात जमा करावेत, ही पहिली. उरलेल्या 32,000 रुपयांची बाबवार यादी पुराव्यांसह द्यावी आणि ज्या बाबीला आधार नाही तिची रक्कम परत करावी, ही दुसरी. 18,000 घ्यायला बोलावून पावतीवर ‘पूर्ण व अंतिम हिशेब’ असे लिहून सही मागितली, तर सही करू नये. रक्कम घ्यावी, पण ‘अंशतः परतावा, उरलेल्या रकमेवरील हक्क राखून’ असे पावतीवर लिहावे किंवा त्याच दिवशी संदेशाने कळवावे.

यादी कशी हवी हेही पत्रात आपणच सांगावे, नाहीतर ‘गाद्या, खुर्च्या, फरशी, सफाई – 32,000’ अशी एका ओळीची चिठ्ठी हातात पडते. प्रत्येक वस्तूपुढे नग किती, नेमके काय बिघडले, ते कोणी व कोणत्या दिवशी किती वाजता पाहिले, वस्तू केव्हा खरेदी केली होती आणि तिची दुरुस्ती केली की बदली, हे असावे. सोबत छायाचित्र आणि दुरुस्तीचे किंवा खरेदीचे बिल असावे. यांपैकी पाहणीची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. फेब्रुवारीत लग्नसराई असते आणि चांगले कार्यालय क्वचितच एक दिवस रिकामे राहते. आपण संध्याकाळी ताबा सोडला, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरे कार्य झाले आणि पाहणी त्यानंतर झाली असेल, तर मोडलेली खुर्ची कोणाच्या पाहुण्याने मोडली हे कार्यालयालाही सांगता येणार नाही. म्हणून आपल्या कार्यानंतरचे पुढचे आरक्षण कोणत्या तारखेचे होते, हा प्रश्न पत्रात अवश्य विचारावा.

आता अशी यादी आली असे धरू : डाग पडलेल्या 12 गाद्या प्रत्येकी 900 प्रमाणे 10,800; 6 खुर्च्या प्रत्येकी 1,100 प्रमाणे 6,600; संगमरवराचे पॉलिश 8,000; एक तास जास्त वापर 5,000; सफाई 1,600. बेरीज बरोबर 32,000 होते, पण बेरीज जुळली म्हणून यादी खरी ठरत नाही.

गाद्यांवर हळदीचे डाग पडतात, हे हळदीच्या कार्यक्रमाला खोल्या देणाऱ्याला माहीत असतेच. डाग खोळीवर आहे की आत कापसापर्यंत गेला आहे, हे पाहावे. खोळ धुऊन निघत असेल तर धुलाईचे बिल लागू होते, नवी गादी नव्हे. समजा, नऊ खोळी 80 रुपयांप्रमाणे धुऊन निघाल्या आणि तीन गाद्या खरोखरच निकामी झाल्या. त्या चार वर्षे वापरलेल्या असतील आणि अशी गादी सहा वर्षे टिकते असे धरले, तर प्रत्येकीचे उरलेले मूल्य 300 रुपये होते. म्हणजे 10,800 च्या जागी 720 अधिक 900, एकूण 1,620. जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू आपल्या खर्चाने घेण्याचा अधिकार नुकसानभरपाईतून मिळत नाही, हा मुद्दा व्यवस्थापक फोनवर कधीच मान्य करत नाहीत. कागदावर मात्र त्याला उत्तर देणे त्यांना जड जाते.

खुर्च्यांचा प्रश्न ताबा घेतानाच्या मोजणीवर अवलंबून असतो. त्या वेळी दोघांच्या सह्यांची यादी झाली नसेल, तर त्या आधीपासून मोडक्या नव्हत्या हे कार्यालयाने दाखवायला हवे. दाखवले, तरी सांधा जोडून किंवा गादीचे कापड बदलून काम होत असेल, तर दुरुस्तीचाच खर्च धरावा. प्रत्येकी 250 धरले तर 1,500. फरशीबाबत होमकुंडाखाली दोन फरशा काळवंडल्या असतील, तर त्या दोन फरशांचे काम, म्हणजे फार तर 1,200, आपल्याकडे येते. संपूर्ण सभागृहाचे पॉलिश हा कार्यालयाच्या देखभालीचा खर्च आहे.

जास्तीचा तास ही तूटफूटच नाही. तो वापराचा आकार आहे, आणि करारात ताशी दर लिहिलेला असेल व आपण खरोखर उशिरा ताबा सोडला असेल, तर तो द्यावाच. तिथे वाद घातल्याने आपल्या बाकीच्या मुद्द्यांची विश्वासार्हता कमी होते. वीज आणि जनरेटर यांचेही तसेच आहे : मीटरचे आधीचे व नंतरचे आकडे मागावेत आणि बिल भरावे. सफाईचा आकार मूळ भाड्याच्या पावतीत आधीच घेतला आहे का, हे मात्र तपासावे, कारण तो दोनदा लावलेला मी अनेकदा पाहिला आहे. आपल्या पावतीत तो आधीच असेल, तर या उदाहरणात रास्त कपात 9,320 होते, परतावा 40,680 होतो आणि 18,000 मिळाल्यानंतरही 22,680 येणे उरते. तूटफुटीच्या भरपाईवर कोणी 18 टक्के जीएसटी लावला असेल तर त्यावरही आक्षेप घ्यावा. नुकसानभरपाई ही सेवा नव्हे, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. जास्तीच्या तासावर तो लागू शकतो.

‘कोणतीही तूटफूट झाल्यास अनामत जप्त’ असे कलम करारात असले, तरी घाबरू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. जिथे नुकसान सिद्ध करणे शक्य आहे तिथे ते सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सांगितले आहे. खुर्च्या आणि गाद्यांचे नुकसान सहज सिद्ध करता येते.

आपल्या बाजूचा पुरावा आजच गोळा करावा. लग्नाच्या छायाचित्रकाराकडे सजावटीच्या आधीपासूनचे न कापलेले चित्रण असते, आणि त्यात भिंती, फरशी, खुर्च्या तारीख-वेळेसह दिसतात. अल्बम दिल्यावर ते बहुधा पुसले जाते, म्हणून त्याची प्रत आधी मागून घ्यावी. कार्यालयाच्या सीसीटीव्हीचे चित्रण तर काही आठवड्यांतच आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवावे, ही मागणी पत्रात हवी. सजावट कार्यालयाने सक्तीने आपल्याच डेकोरेटरकडून करून घ्यायला लावली असेल, तर भिंतीवरचे खिळे आणि टेपचे डाग त्यांनी त्याच्याकडून वसूल करावेत.

पत्र व्यवस्थापकाच्या नावाने न लिहिता, पावतीवर ज्या मालकाचे, भागीदारीचे किंवा न्यासाचे नाव आहे त्याच्या नावाने लिहावे. इंदूरमध्ये ते हिंदीत पाठवणे सोयीचे, कारण पुढे तक्रार करावी लागली तर तेच जोडायचे असते. मसुदा असा :

‘आपल्या कार्यालयात दि. … रोजी झालेल्या कार्यासाठी पावती क्र. … अन्वये आपल्याकडे रु. 50,000 परतावायोग्य अनामत जमा केली आहे. आपण दूरध्वनीवर रु. 32,000 कपात सांगितली, परंतु तिचा लेखी तपशील दिलेला नाही. कृपया वादातीत रु. 18,000 त्वरित खात्यात जमा करावेत. उरलेल्या कपातीची बाबवार यादी, म्हणजे वस्तू, नग, बिघाड, पाहणीची तारीख व वेळ, खरेदीचे वर्ष, दुरुस्तीचे किंवा बदलीचे बिल व छायाचित्र, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावी. तूटफूट आणि वापराचे आकार वेगळे दाखवावेत. आमच्या कार्यानंतरच्या पुढच्या आरक्षणाची तारीख कळवावी आणि ताबा सोडण्याच्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. बिघडलेल्या वस्तू प्रत्यक्ष पाहण्यास आम्ही तयार आहोत. मुदतीत तपशील न मिळाल्यास कपात निराधार समजून संपूर्ण अनामतीची मागणी करू.’

हे पत्र स्पीड पोस्टने पोच घेऊन पाठवावे आणि त्याचीच प्रत ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावी. वस्तू पाहायला तयार आहोत, हे वाक्य गाळू नये. बदललेल्या म्हणून दाखवलेल्या खुर्च्या पुढच्या लग्नात मांडलेल्या दिसण्याची शक्यता मालकालाही ठाऊक असते.

15 दिवसांत उत्तर नसेल तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवावी. बऱ्याच वेळा तेवढ्यावर हिशेब पाठवला जातो. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, e-jagriti.gov.in वरून. तिथे सेवेतील त्रुटी म्हणून तक्रार करावी. ‘अनुचित करार’ हा मुद्दा मुख्य करू नये, कारण तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नसून राज्य आयोगाला आहे. भाडे 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार आपण राहता तिथल्या आयोगातही चालते, हे बाहेरगावाहून इंदूरला येऊन लग्न करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. भाडे घेऊन दिलेली सेवा असल्याने कार्यालय न्यासाचे असले तरी हाच मार्ग आहे. भवन नगरनिगमचे असेल तर मात्र आधी झोन कार्यालयात लेखी अर्ज आणि मग सीएम हेल्पलाइन 181, हा क्रम जास्त लवकर फळ देतो.