घोट्यावरची सूज: गोळीची, हृदयाची की किडनीची?

प्रश्न: आईचं वय ६२. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची गोळी होती, दोन महिन्यांपूर्वी १० ची केली. आता संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. इको, क्रिएटिनिन, लघवी सगळं नॉर्मल आलंय. मग हे पाणी येतंय कुठून?

आईंच्या अंगात जादा पाणी साठलेलं नाही. आहे तेच पाणी रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपून घोट्याशी थांबतंय.

अ‍ॅम्लोडिपिन लहान धमन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते. त्या रुंदावतात आणि बीपी उतरतं. पण केशवाहिन्यांतून रक्त परत नेणाऱ्या लहान नीला हे औषध तेवढ्या सैल करत नाही. शेतात पाटाचं वरचं दार मोकळं सोडलं आणि खालची वाट होती तेवढीच ठेवली, तर मधल्या वाफ्यात पाणी तुंबतं आणि बांधातून झिरपायला लागतं. इथेही तसंच होतं. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पातळ द्रव बाहेरच्या मांसात उतरतो. उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त दाब पायांत असतो, म्हणून सूज तिथेच दिसते. हृदय किंवा किडनी बिघडल्यामुळे हे घडत नाही, आणि या सुजेमुळे ती बिघडतही नाहीत.

दुसरा धागा डोसचा. अमेरिकेतल्या या औषधाच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांनुसार ५ मिलिग्रॅमवर शंभरात साधारण ३ जणांना सूज येते, १० वर सुमारे ११ जणांना. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं. डोस दुप्पट केल्यावर बीपी मात्र दुपटीने उतरत नाही, थोडीच भर पडते. त्यामुळे ५ वर ठीक असलेल्या माणसाला १० वर सूज आली, तर संशय आधी गोळीवर जायला हवा. सूज दुसऱ्याच दिवशी येईल असं नाही, काही आठवडे किंवा महिनेही जातात. उन्हाळ्यात किंवा एसटीच्या लांब प्रवासात ती अचानक जाणवते आणि दोष प्रवासाला दिला जातो.

प्रश्न: मलाही अशीच सूज आली. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. लघवी वाढली, थकवा आला, सूज आहे तिथेच. डोस वाढवून मागू का?

वाढवून मागू नका. फ्रुसेमाइडसारखी लघवीची गोळी किडनीतून मीठ आणि पाणी बाहेर काढते. तुमच्या अंगात ते जादा नाहीच, त्यामुळे रक्तातलं पाणी कमी होतं आणि घोट्यातलं बहुतेक तसंच राहतं. मग उठून उभं राहताना चक्कर येते, पायात गोळे येतात, पोटॅशियम आणि सोडियम उतरतं, युरिक अ‍ॅसिड वाढून एखाद्याच्या पायाचा अंगठा सुजतो. पुढे पोटॅशियमसाठी एक औषध, अंगठ्यासाठी आणखी एक. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी सुरू होते, आणि ही साखळी वयस्कर माणसांच्या चिठ्ठ्यांवर वारंवार दिसते. ती सोडवायची तर पहिल्या कडीपासून.

लघवीची गोळी दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे हृदयासाठी किंवा किडनीसाठी, आधीपासून चालू असेल तर मात्र ती स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: "ही गोळी अ‍ॅम्लोडिपिनच्या सुजेसाठी आहे, की आणखी कशासाठी?"

प्रश्न: घरी बसून कसं ओळखायचं? आमच्याकडे जो तो वेगळं सांगतो. कुणी म्हणतं हृदय, कुणी म्हणतं किडनी.

नुसत्या सुजेकडे बघून ओळखता येत नाही. अंगठ्याने दाबल्यावर खळगा तिन्हींत पडतो. फरक कळतो तो ही सूज दिवसाच्या कोणत्या वेळी आणि अंगावर कुठे येते, आणि तिच्यासोबत आणखी काय आहे, यावरून.

गोळीची सूज घोटे आणि पावलांवर, दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते. सकाळी उठल्यावर कमी, संध्याकाळी जास्त. चपलेचा पट्टा रुततो, मोज्याचा वळ उठतो. चेहऱ्यावर सूज नसते, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत नाही, वजन फारसं हलत नाही.

हृदयाची सूजही पायावरच सुरू होते आणि संध्याकाळी वाढते, म्हणून चकवते. पण ती एकटी क्वचितच येते. नेहमीचा जिना चढताना मधे थांबावं लागतं, आडवं झाल्यावर दम कोंडतो म्हणून एकाच्या दोन-तीन उशा घ्याव्या लागतात, किंवा मध्यरात्री गुदमरून जाग येते. वजन दोन-तीन दिवसांत २ किलोने वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. तपासताना डॉक्टर मानेची शीर फुगलीय का, छातीत खरखर आहे का, हे बघतात. शंका राहिली तर एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करतात. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसाचा हा आकडा १२५ च्या खाली असेल तर हृदय निकामी होत असण्याची शक्यता बरीच कमी. लठ्ठ माणसांत मात्र हा आकडा मुळातच कमी येतो, हे लक्षात ठेवावं.

किडनीची सूज बहुतेकदा आधी चेहऱ्यावर दिसते. सकाळी डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं दिसतं, दुपारपर्यंत ते उतरतं, मग पाय जड होतात. रात्री आडवं असताना पाणी चेहऱ्यापर्यंत पोचतं आणि डोळ्यांभोवतीची सैल कातडी ते धरून ठेवते. लघवीला फेस येतो आणि तो पाणी टाकल्यावरही लवकर विरत नाही. कारण लघवीतून प्रथिन जातं, रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, किडनी मीठ धरून ठेवते. तपासणी स्वस्त आहे: सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. ३० च्या आत साधारण ठीक, ३०० च्या वर गंभीर. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन. नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून किडनीची बाजू मिटत नाही, कारण प्रथिन गळत असतानाही सुरुवातीला ते चांगलं येऊ शकतं.

आठवडाभर घरीच एक वही ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर वजन घ्या. घोट्याच्या हाडाच्या चार बोटं वर पेनाने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने सकाळी आणि झोपण्यापूर्वी घेर मोजा. रात्री किती उशा लागल्या, सकाळी डोळे सुजले होते का, एवढं लिहा. संध्याकाळचा घेर जास्त, सकाळी पुन्हा कमी, वजन स्थिर, उशी एकच, असं दिसलं तर बोट गोळीकडेच जातं.

प्रश्न: वडील ६८ चे, वीस वर्षांची शुगर. टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी आहे. पाय सुजतात, सकाळी डोळेही सुजतात. दुकानदार म्हणाला गोळीचीच सूज, त्याऐवजी सिल्निडिपिन ही बीपीची दुसरी गोळी घ्या. बदलू का?

आधी तपासण्या, मग बदल. गोळी चालू आहे म्हणून सूज गोळीचीच, हा उलट्या बाजूचा चकवा. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी गोळीशी जुळत नाहीत: डोळ्यांची सकाळची सूज आणि वीस वर्षांची शुगर. लघवीतलं गुणोत्तर, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि पोटॅशियम या आठवड्यातच करून घ्या. समजा गुणोत्तर ६५० आलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन ३ च्या खाली गेलं, तर औषध बदलून घोटे थोडे उतरतील, पण गळती चालूच राहील आणि सहा महिने हातचे जातील. गुणोत्तर १५ आणि अल्ब्युमिन ४ आलं तर प्रथिनगळतीचा प्रश्न बहुतेक मिटतो.

शुगरची चिठ्ठीही समोर ठेवा. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर ते स्वतः शरीरात पाणी धरून ठेवतं आणि हृदय कमजोर असलेल्याला त्रास देतं. पायांच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन, गुडघ्यांसाठी रोजची दुखण्याची गोळी, यांनीही सूज येते. दुखण्याच्या गोळ्यांनी तर बीपीही वाढतं.

प्रश्न: गोळीचीच आहे हे नक्की झालं. मग डॉक्टर काय करतात? रात्री घेतली तर सूज कमी होईल का?

वेळ बदलून फरक पडत नाही. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, म्हणजे सकाळी घ्या किंवा रात्री, रक्तातली पातळी दिवसभर जवळपास सारखीच राहते. याच कारणाने बंद केल्यावर औषध निघून जायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि सूज साधारण एक-दोन आठवड्यांत उतरते. चौथ्या दिवशी सूज आहे म्हणून निष्कर्ष काढू नका. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका, बीपी हळूहळू चढतं आणि चढलेलं जाणवत नाही.

सुरुवातीला लिहिलेल्या आईंसारख्या बाईंचं उदाहरण घेऊ. १० वर बीपी १३२/८० आहे. डॉक्टर सहसा १० ची पुन्हा ५ करतात आणि टेल्मिसार्टन ४० जोडतात. टेल्मिसार्टनने नीलाही सैलावतात, म्हणजे पाटाची खालची वाट रुंद होते आणि तुंबलेलं निघून जातं. लघवीची गोळी जे करू शकत नाही ते हे औषध करतं, शिवाय बीपीही सांभाळतं. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात, कारण टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं. तीन आठवड्यांनी घेर पूर्ववत नसेल, तर अ‍ॅम्लोडिपिन पूर्ण बदलून सिल्निडिपिन किंवा दुसऱ्या गटातलं औषध देतात. सिल्निडिपिनने सूज कमी येते, अजिबात येत नाही असं नाही.

पाकिटावर 'एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५' लिहिलेलं दिसलं तर डोस अर्धा झाला असं समजू नका. ते २.५ साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या ५ बरोबर धरतात.

तोवर दुपारी अर्धा तास आडवं होऊन पाय उशीवर, छातीपेक्षा वर ठेवा. घट्ट मोजे डॉक्टरांनी पायाची नाडी तपासल्यावरच घाला. पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते घातक ठरतात.

प्रश्न: माझा फक्त डावा पाय सुजलाय, पोटरी दुखते. ही गोळीची सूज असू शकते का?

एकाच पायाची आणि दुखणारी सूज गोळीची सहसा नसते. पोटरीतल्या खोल नीलेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, त्यासाठी आजच डॉपलर तपासणी करा. सोबत छातीत दुखत असेल किंवा अचानक दम लागत असेल, तर थेट रुग्णालय गाठा. विदर्भात हत्तीपायाचे रुग्ण आढळतात. तिथल्या वाचकांनी एका पायाची जुनी, घट्ट झालेली सूजही एकदा त्या दृष्टीने तपासून घ्यावी.