फ्रिजवरची चिठ्ठी आणि ‘करायचंय’

प्रश्न : मावशी आणि ड्रायव्हरकाकांसाठी रोजच्या सूचना नवरा इंग्रजीत लिहून देतो, मी त्यांचं मराठी करून फ्रिजवर लावते. ‘कृपया बेडशीट्स बदला’, ‘कृपया निघण्यापूर्वी गॅस बंद असल्याची खात्री करा’, ‘कृपया मुलांना ३.३० पर्यंत उचला’, ‘कृपया गाडी चालवताना फोन वापरू नका’. ‘कृपया’ ठेवलं तर सरकारी वाटतं, काढलं तर हुकूम सोडल्यासारखं. थोडक्यात आणि आदरानं कसं लिहू?

उत्तर : ‘कृपया’ काढाच. ‘कृपा’ची ही संस्कृत तृतीया, अर्थ ‘कृपेने’. ती फलकांवर आणि अर्जांत राहते. पुण्यातल्या कुठल्या घरात पानावर बसलेला माणूस ‘कृपया मीठ वाढा’ म्हणतो? हल्ली सोसायटीच्या एका कागदावर तीन-तीन ‘कृपया’ असतात आणि तरी मजकूर दरडावल्यासारखाच वाटतो, कारण मराठीत आदर त्या शब्दात नसतोच. तो ‘मावशी’, ‘काका’ या हाकेत असतो आणि ‘बदल’चं ‘बदला’ करणाऱ्या शेवटच्या आकारात असतो.

तरीही नुसतं ‘चादरी बदला’ कोरडं लागतं, हे तुमचं बरोबर आहे. त्यावरचा उपाय तुम्ही रोज तोंडानं वापरताच, कागदावर मात्र आणत नाही : ‘मावशी, आज चादरी बदलायच्यात.’

‘बदला’ हे क्रियापद मावशींकडे बोट दाखवतं. ‘बदलायच्यात’ चादरींकडे बघतं. चादर एक असेल तर बदलायचीय, ओटा पुसायचाय, कपाट आवरायचंय. लिंग-वचन सगळं कामाच्या वस्तूचं. घरात एक काम आहे, ते समोर ठेवलं, कुणाला हुकूम केला नाही. इंग्रजीला यासाठी ‘प्लीज’ जोडावं लागतं, मराठीत ते प्रत्ययातच आहे.

हा प्रत्यय आला कुठून? ‘करायचं’ हे ‘करावयाचें’चं झिजलेलं रूप. त्यात ‘करावें’ आहे आणि पुढे षष्ठीचा ‘चा-ची-चें’. ‘करावें’मधला ‘-आवें’ म्हणजे संस्कृतचा ‘-तव्य’, प्राकृतात त्याचा ‘-अव्व’ झाला आणि मराठीत वे-वी-वा. म्हणजे ‘भाजी चिरायचीय’ या चिठ्ठीतल्या दोन शब्दांत ‘कर्तव्य’मधला ‘-तव्य’ बसलेला आहे! ‘जे केलं जाणं उचित आहे ते’ हा त्याचा अर्थ, आणि तो मुळापासूनच कर्मणी. करणाऱ्यावर जोर नाही, करण्याजोग्या गोष्टीवर आहे. गुजरातीचं ‘करवुं’ याच घराण्यातलं. बंगालीत तर याच ‘-तव्य’पासून भविष्यकाळ झाला, ‘करिब’ म्हणजे ‘करीन’. आपण जिथे काम सांगतो तिथे बंगाली माणूस उद्याचं बोलतो.

समर्थांचा मनाच्या श्लोकांतला ‘मना सज्जना’ आठवा. ‘भक्तिपंथेंचि जावें’, ‘सर्व सोडूनि द्यावें’, ‘सर्व भावें करावें’. मनाला ‘सज्जना’ अशी हाक मारली आहे आणि चार ओळींत ‘जा’, ‘सोड’, ‘कर’ असं एकही आज्ञार्थी रूप नाही. मधल्या ‘श्रीहरी पाविजेतो’मध्ये आपल्या व्याकरणातला जुना ‘पुराण कर्मणी’ आहे. ‘पाहिजे’ त्याच्याच वंशातलं, मूळ अर्थ ‘पाहिलं जातं’. म्हणून ‘पाहिजे’ गावंढळ आणि ‘हवे’ शुद्ध असं वर्गात सांगणारे मास्तर मला मुळीच पटत नाहीत. आणि ‘करायचंय’ बोलीतलं आहे, कागदावर ‘करावयाचे आहे’ असंच हवं, हा आग्रह तर चूकच. त्या आग्रहामुळे तुमच्यासारखे लोक बोलतात छान आणि लिहायला बसले की ‘कृपया खात्री करा’वर येतात. चिठ्ठी बोलण्याच्या जागी ठेवलेली असते, ती बोलल्यासारखीच असावी.

पण हे रूप सगळीकडे चालत नाही. त्यातला ‘आहे’ गळाला की सूर बदलतो. ‘ओटा पुसायचाय’ म्हणजे काम उरलंय. ‘ओटा रोज पुसायचा’ म्हणजे नियम घालून दिला, आणि तो लहान मुलाला घालतात तसा. नकारात तर हे फारच कडक होतं : ‘गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही’ हे मोठ्या माणसाला म्हणू नये. तिथे साधा ‘-ऊ नका’ सौम्य आहे : ‘काका, चालवताना फोन घेऊ नका. माझा आला तरी गाडी बाजूला लावून मग बोला.’ दुसरं वाक्य आवर्जून लिहा, कारण फोन बहुधा घरूनच येतो आणि काकांना तो न उचलायची परवानगी तुम्हीच द्यायला हवी.

दुसरी अडचण अशी की ‘औषध आणायचंय’मध्ये कुणी आणायचं ते नाही. मावशींना वाटतं काका आणतील, काकांना वाटतं ताई आणतील, आणि संध्याकाळी बाटली रिकामी. दोघांसाठी एकच कागद असेल तर प्रत्येक ओळीआधी हाक लिहा : ‘काका, येताना औषध आणायचंय.’

गॅसचं वाक्य. ‘खात्री करा’ ही इंग्रजीची सावली. ‘मावशी, जाताना गॅस बंद आहे ना, बघा’ एवढं पुरे. ‘बघून जा’ लिहिण्यापेक्षा ‘बघा’ बरं, कारण ‘जा’ हे ‘तू’लाही तेच आणि ‘तुम्ही’लाही तेच, त्यात आदर दिसत नाही. ‘बघ’ आणि ‘बघा’त तो स्पष्ट दिसतो.

मुलांना ‘उचला’ मात्र आजच्या आज खोडा. उचलतात पोतं, कडेवरचं बाळ, नाहीतर पोलीस संशयिताला. शाळेतून मुलांना आणतात, क्लासला सोडतात. ‘३.३० पर्यंत’ हेही फसवं आहे. ‘साडेतीनपर्यंत थांबा’मधला ‘पर्यंत’ आणि इंग्रजी ‘बाय’ वेगळे. काकांनी तो थांबण्याचा घेतला तर गाडी शाळेबाहेर साडेतीनला निघायच्या बेतात असेल आणि मुलं अजून वर्गात. मुदत सांगायची तर ‘साडेतीनच्या आत’. त्याहून चांगलं म्हणजे कारण आणि जागा सांगा : ‘काका, शाळा साडेतीनला सुटते. सव्वातीनला फाटकाशी पोचायचंय.’ आकड्यांपेक्षा ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ अक्षरात लिहा, बोलताना तेच येतं.

सकाळच्या चिठ्ठीत दोन्ही रूपं एकाशेजारी ठेवता येतात : ‘काका, साडेआठला गाडी काढा. पावणेनऊला निघायचंय.’ गाडी काढणं एकट्या काकांचं, म्हणून तिथे सरळ ‘काढा’. निघायचं मात्र तुम्हा दोघांना आहे, आणि ‘निघायचंय’मध्ये तुम्हीही आलात.