जी७ चा उंट गेल्यावर काळ्या घरांचं नेमकं करायचं काय?

प्रश्न: समोरच्याने किल्लेकोट केला आणि जी७ वरच्या उंटाने माझा सी३ वरचा घोडा मारला. माझी प्यादी दुहेरी झाली. सगळे म्हणतात, त्याची काळी घरं आता उघडी पडली. मी उंट एच६ वर नेला, मागे डी२ वर वजीर ठेवला, पण पुढे काहीच घडलं नाही. मग फायदा घ्यायचा कसा?

उत्तर:

काहीच घडलं नाही, कारण तुमचा उंट आणि वजीर एकाच कर्णावर एकामागे एक उभे होते. एच६ चा उंट जी७ वर डोळा ठेवतो, एवढं काम त्याने केलं. पण मात करायची तर वजिराला जी७ पर्यंत पोचायला दुसरी वाट हवी, आणि ती एफ६ वरून जाते. डी२ वरून वजीर थेट एफ६ वर पोचत नाही, आणि एच६ वरून जावं तर तिथे आपलाच उंट आडवा आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही की 'काळी घरं' असं ढोबळ म्हणू नका, एक घर ठरवा. या रचनेत ते घर बहुतेक वेळा एफ६ असतं.

एफ६ च का? जी प्यादं जी६ वर गेलं, की एफ६ आणि एच६ या घरांना त्या प्याद्याचा आधार उरत नाही. तो आधार उंट देत होता. त्यात ई प्यादंही ई६ वर गेलं, की एफ६ कायमचं उघडं पडतं. आणि तुमचं प्यादं ई५ वर असेल, तर तिथे बसणाऱ्या मोहऱ्याला पक्का आधारही मिळतो.

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९९१ सालचा टिलबर्गमधला नायजेल शॉर्ट विरुद्ध यान टिमन हा डाव. लोक तो शेवटच्या राजाच्या चालीसाठी लक्षात ठेवतात. मला त्यातली आधीची पंधरा-वीस चालींची तयारी जास्त शिकण्यासारखी वाटते. शिवाय तुमच्यासारखीच शॉर्टचीही सी पट्टीवरची प्यादी दुहेरी होती, सी२ आणि सी४ वर. त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अलेखिन बचाव होता. टिमनकडे काळी मोहरी, उंट जी७ वर, शॉर्टचं प्यादं ई५ वर. तेराव्या चालीला टिमनने प्यादं ई६ ला नेलं. तोवर उंट जी७ वर होता, म्हणून एफ६ ची चिंता नव्हती. मग अठराव्या चालीला त्याने आपला उरलेला एकमेव घोडा देऊन शॉर्टचा सी४ वरचा उंट मारला. कागदावर व्यवहार छान दिसतो, कारण उंटांची जोडी राहिली आणि समोरच्याची प्यादीही मोडली. पण काळ्या घरांच्या उंटानंतर एफ६ सांभाळू शकणारं दुसरं मोहरं म्हणजे घोडा, आणि तो या व्यवहारात गेला. आता सगळा भार एकट्या जी७ च्या उंटावर.

शॉर्टने नेमकं तिथेच बोट ठेवलं. वजीर एच४ वर, उंट ई३ वरून एच६ वर. टिमनने अदलाबदल टाळायला उंट एच८ च्या कोपऱ्यात नेला. लगेच शॉर्टचा हत्ती डी८ वर घुसला. तो मारता येत नव्हता. मारला असता तर वजिराने डी८ वर परत मारून शह दिला असता आणि एफ८ वर एच६ च्या उंटाचा पहारा असल्याने राजाला पळायला जागाच नव्हती. टिमनला उंट परत जी७ वर आणावा लागला, आणि सत्ताविसाव्या चालीला शॉर्टने तो मारून टाकला. दोघांचेही काळ्या घरांवरचे उंट पटावरून गेले.

इथे बरेच जण अडखळतात. त्यांना वाटतं, माझाही काळ्या घरांचा उंट गेला, मग हिशेब बरोबरीत आला. तसं नसतं. टिमनची प्यादी पाहा: ई६, एफ७, जी६, एच७. राजासमोरची सगळी प्यादी पांढऱ्या घरांवर, आणि एच७ चं प्यादं नंतर ज्या एच५ वर जाणार आहे तेही पांढरंच. उरलेला उंट बी७ वर, तोही पांढऱ्या घरांचा. म्हणजे राजाभोवतीच्या काळ्या घरांकडे बघायला त्याच्याकडे कोणी नाही. शॉर्टकडे मात्र तिथे जाऊ शकणारे वजीर आणि घोडा आहेत.

मग वजीर एफ६ वर आला, शह. राजा जी८ वर गेला. त्या वजिराला हुसकावायचं कसं? उंट पोचत नाही, घोडा नाही, प्यादं मागे येत नाही. आपला वजीर किंवा हत्ती डी८ किंवा ई७ वर आणून टक्कर द्यावी, तर शॉर्टचा एक हत्ती डी७ वर बसून ती दोन्ही घरं धरून होता. दुसरा हत्ती डी४ वर होता, चौथी आडवी रांग सांभाळत. त्यामुळे टिमनचा वजीर ई४ वर येऊन वजिरावजिरी मागू शकत नव्हता. या दोन हत्तींच्या जागा नीट पाहून ठेवा. एफ६ वर वजीर नेणं सोपं, तो तिथे टिकवणं ही खरी मेहनत.

एकटा वजीर मात देत नाही, जी७ वर त्याला साथीदार हवा. घोडा जी५ वर न्यावा, तर तो एफ३ वरून हलताच टिमनचे सी६ चा वजीर आणि बी७ चा उंट मोठ्या कर्णावरून जी२ वर मात करतात. म्हणून घोडा बांधलेला. एच प्यादं पुढे ढकलून एच६ वर न्यावं, म्हणून शॉर्ट एच४ खेळला, तर टिमनने एच५ खेळून ते अडवलं. त्या चालीने प्यादं थांबलं खरं, पण जी५ हे घर प्याद्याने सांभाळण्याची शेवटची सोयही गेली.

उरला कोण? राजा. एच२, जी३, एफ४, जी५. दोन्ही वजीर आणि चारही हत्ती जागेवर असताना राजा समोरच्याच्या अंगणात चालत गेला. आता पट समोर मांडून या घरांचे रंग बघा. जी१ पासून जी५ पर्यंत राजाने एकाही पांढऱ्या घरावर पाय ठेवला नाही. टिमनचा उंट त्याला शह देऊच शकत नव्हता, आणि पांढऱ्या घरांवर उभी असलेली टिमनची प्यादीही फक्त पांढऱ्याच घरांवर मारा करत होती. चौतिसाव्या चालीला राजा जी५ वर येताच टिमनने डाव सोडला. बी७ चा उंट आदल्या चालीला सी८ वर येऊन हत्तीवर रोखलेला होता, पण हत्ती मारला तर राजा एच६ वर जातो आणि जी७ वर मात. राजा एच७ वर नेला तर वजीर जी६ वर मारतो, आणि डी७ च्या हत्तीमुळे एफ७ चं प्यादं जखडलेलं असल्याने त्याला परत मारता येत नाही.

तुमच्या डावाकडे येतो. तुमच्याकडे शॉर्टपेक्षा एक गोष्ट जास्त आहे: काळ्या घरांचा तुमचा उंट अजून पटावर आहे आणि त्याला तोडीस तोड मोहरं समोर नाही. तो कोणत्याही घोड्याबरोबर बदलायला जाऊ नका. पण बी प्याद्याने सी३ वर मारल्यावर मोठा काळा कर्ण तुमच्याच सी३ च्या प्याद्याने बंद केलाय. बी२ वर उंट ठेवायचा असेल तर आधी ते प्यादं सी४ ला सरकवा. नाहीतर उंट एच६ वरच ठेवा आणि वजिराला वेगळ्या वाटेने, म्हणजे एफ३ किंवा एच४ वरून, एफ६ कडे न्या. त्याआधी समोरच्याचा एफ६ सांभाळणारा घोडा शोधा आणि तो या उंटाखेरीज कशानेही बदलून घ्या, अगदी आपला चांगला घोडा देऊनसुद्धा. आणि वजिरावजिरी टाळा. वजीर गेले की राजाजवळच्या भोकांचं महत्त्व एकदम उतरतं, आणि मग तुमची सी पट्टीवरची प्यादी हीच पटावरची ठळक कमजोरी ठरते.

आणखी एक मोह असतो, आपलं प्यादंच एफ६ वर रोवण्याचा. वजीर लगेच एच६ वर पोचत असेल तर जरूर रोवा, मात समोर असते. पोचत नसेल तर समोरचा राजा एच८ वर आणि हत्ती जी८ वर नेऊन जी७ सांभाळतो, आणि तुमच्या मोहऱ्यांची एफ६ ची जागा तुमच्याच प्याद्याने अडवलेली राहते.

उंट देणारा प्रत्येक जण चूक करत असतो असंही नाही. १९७२ साली रेकयाविकला स्पास्कीविरुद्धच्या पाचव्या डावात फिशरने नेमझो-इंडियनमध्ये सी३ वर घोडा मारून काळ्या घरांचा उंट स्वतःहून दिला, आणि लगेच आपली प्यादी सी५, डी६, ई५ अशी काळ्या घरांवर रचली. जो उंट गेला त्याचं काम प्याद्यांना दिलं. मधला भाग बंद झाला, स्पास्कीच्या उंटांना वाव उरला नाही, आणि फिशर सत्तावीस चालींत जिंकला.

म्हणून समोरच्याने उंट दिल्यावर मी आधी त्याच्या ई आणि एफ प्याद्यांकडे बघतो. ई५ किंवा एफ६ त्याला खेळता येणार असेल, तर हल्ल्याआधी ते थांबवायला हवं, आणि त्याचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे आपलं प्यादं ई५ वर नेऊन ते तिथे टिकवणं. ते टिकत नसेल तर एच६ वरच्या उंटाच्या नादी न लागता मधला भाग उघडा करा, कारण तुमच्याकडे उंटांची जोडी आहे आणि तिला मोकळे कर्ण लागतात.