साहेब ओळखतात, तरी बायोडेटा नीट हवा

"सर, मी कुपवाड एमआयडीसीत सात वर्षं सीएनसी मशीनवर आहे. आमच्याच कंपनीत क्वालिटीत जागा निघाली आहे. तिथले मॅनेजर साहेब मला चांगले ओळखतात, 'नुसता बायोडेटा दे' म्हणाले. मग त्यात वेगळं काय लिहायचं? बायोडेटा सोबत जोडलाय."

नमस्कार,

तुमचा कागद साहेबांच्या टेबलावर थांबणार नाही. तो एचआरकडे जाईल, आणि तिथं नोटिशीतली पात्रता व तुमची पर्सनल फाइल शेजारी ठेवून बघतील. शिवाय कंपनीला आयएसओ ९००१ असेल, तर कलम ७.२ प्रमाणे कामाला लागणारी पात्रता ठरवून त्या माणसाकडे ती असल्याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. ऑडिटरसमोर "पोरगा माझ्या माहितीतला आहे" चालत नाही. साहेबांना तुमच्यासाठी शब्द टाकायचा असला, तरी त्याला आधार तुमच्याच कागदाचा लागणार.

"क्वालिटीच्या कामात मदत केली" ही ओळ काढून टाका. साहेबांना त्यातलं सगळं आठवेल, एचआरला काहीच कळणार नाही. खरी गोष्ट तुम्ही पानाच्या मागं पेनानं लिहिलीय. इन्सर्ट घासला की बोअर लहान येत होता आणि नग रीवर्कला जात होते. तुम्ही दर दहा नगांनी बोअर एअर गेजनं मोजून इन्सर्ट किती नगांनंतर घासतो ते शोधलंत. हेच पुढं आणा:

"बोअर अंडरसाइज येण्याचं कारण शोधलं. इन्सर्ट १८० ऐवजी १४० नगांवर बदलायला लावला. रीवर्क महिन्याला ६० नगांवरून १५ वर."

हे आकडे तुमचेच आहेत, पण देण्याआधी रीवर्क रजिस्टरशी ताडून घ्या. मुलाखत घेणारा माणूस तेच रजिस्टर उघडू शकतो.

हुद्दा पगारपत्रकावर छापलाय तोच लिहा. तुम्ही "लाइन इन्स्पेक्टर" लिहिलंय. ते काम तुम्ही केलं असेलही, पण नोंदीत ऑपरेटर असाल तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते. "सीएनसी ऑपरेटर, चालू कामात तपासणीचीही जबाबदारी" असं लिहा, दोन्ही खरं राहतं.

आणि डिप्लोमा! नोकरी सांभाळून तो केलात, पण कंपनीत लागताना दिलेल्या कागदांत फक्त आयटीआय आहे ना? मिरजेचा एक मुलगा यातच अडकला. बायोडेटात डिप्लोमा, फाइलमध्ये आयटीआय. एचआरनं फाइलवरून अपात्र ठरवलं, आणि मार्कशीट पोचेपर्यंत मुदत संपली होती. मला ते फार लागलं, कारण काम त्याला उत्तम येत होतं. उद्याच मार्कशीटची झेरॉक्स एचआरला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

तुमच्या सध्याच्या शॉपच्या साहेबांनाही अर्ज देण्याआधी स्वतः सांगा. सोडणार तेच आहेत. तुमची जागा कोण चालवणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल. त्या मशीनवर कोणाला तयार करताय, ते नाव सांगायची तयारी ठेवूनच आत जा.