एचटी ब्रेकर बाहेर काढला म्हणजे ट्रान्सफॉर्मर मेला असं नसतं

प्रश्न: "सोमवारी अप्रेंटिसची नवी बॅच ट्रान्सफॉर्मरच्या शटडाऊनला येतेय. काम सुरू करायच्या आधी मला त्यांच्यासमोर वीसेक मिनिटं बोलायचंय, आयसोलेशन, अर्थिंग, परमिट सगळंच. मागच्या बॅचला नियम वाचून दाखवले तर अर्धी मुलं जांभया देत होती. तुम्ही काय बोलता?"

मी खोलीत बसवून बोलत नाही, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाबाहेर उभं करतो आणि आधी एकच प्रश्न विचारतो. एचटीचा ब्रेकर रॅक आऊट केलाय, कुलूप लावलंय, चावी माझ्या खिशात आहे, तर आता ११ केव्हीच्या बुशिंगला हात लावायला कोण तयार आहे? दोनतीन हात वर जातातच, आणि मग मी त्यांना माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक सकाळ सांगतो. सगळं भाषण त्या एकाच गोष्टीवर उभं करतो, तुम्हीही तुमची एखादी घडलेली गोष्ट धरा, नसेल तर ही वापरा.

ट्रान्सफॉर्मर होता ५०० केव्हीए, ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, डेल्टा-स्टार. एचटी बुशिंगच्या गास्केटमधून तेल पाझरत होतं तेवढं बदलायचं होतं. एचटीचा व्हीसीबी रॅक आऊट, टॅग लावलेला. एलटीचा एसीबी मात्र नुसता बटण दाबून ऑफ केलेला, बाहेर ओढलेला नाही, कुलूप नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात हेच की सप्लाय तर एचटीकडून येतो, तो तोडला की संपलं. लाइटसाठी डीजी चालू होता, तो एलटी बसवर. डीजीचा ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मरचा एसीबी एकदम लागू नयेत म्हणून इंटरलॉक असतो, तो तिथे होता पण कधीतरी एक कॉन्टॅक्ट त्रास देत होता म्हणून कुणीतरी बायपास करून ठेवलेला, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पलीकडच्या सेक्शनला लाइट नाही म्हणून एक इलेक्ट्रिशियन पॅनलवर गेला, शेजारी शेजारी दोन सारखेच एसीबी, त्याने चुकीच्याचं क्लोज बटण दाबलं.

इथे मी थांबतो आणि पोरांना आकडा काढायला लावतो, कारण आकडा स्वतः काढला की तो विसरत नाही. ट्रान्सफॉर्मरला कुठली बाजू प्रायमरी आणि कुठली सेकंडरी हे माहीत नसतं, ते नाव आपण देतो. एलटीला ४१५ दिले तर एचटीला ४१५ गुणिले ११००० भागिले ४३३, म्हणजे साधारण साडेदहा हजार व्होल्ट. डीजी ट्रिपही होत नाही, कारण पलीकडे एचटी मोकळी आहे, लोड काहीच नाही, ट्रान्सफॉर्मर फक्त नो-लोड करंट घेतो आणि तो फुल लोडच्या एकदोन टक्के असतो. म्हणजे ज्या बुशिंगचं गास्केट काढायला आम्ही चाललो होतो ते पूर्ण जिवंत होतं, ट्रान्सफॉर्मर हम् करत होता पण शेजारी डीजीच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.

वाचलो ते डिटेक्टरमुळे. रॉडवर लावलेला डिटेक्टर आर फेजजवळ नेला आणि तो वाजायला लागला. सोबतचा फिटर म्हणाला, साहेब हा खराब झालाय, ब्रेकर तर बाहेर आहे. मलाही क्षणभर तेच वाटलं, हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. पण दहा मिनिटांपूर्वीच तो डिटेक्टर चालू फीडरवर तपासला होता, तिथे बरोबर वाजला होता, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवला, मागे सरकलो, पुन्हा चालू फीडरवर जाऊन तपासला, पुन्हा वाजला. मग कुणीतरी एलटी पॅनलकडे धावलं. आधी तपासला नसता तर आम्ही त्याला खराब ठरवून बाजूला ठेवला असता, एवढंच अंतर होतं. म्हणून क्रम हा: चालू असलेल्या ठिकाणी तपासा, मग ज्यावर काम आहे त्याच्या तिन्ही फेजवर एकेक करून, मग पुन्हा चालू ठिकाणी. डिटेक्टरवरचं टेस्ट बटण बॅटरी आणि आवाज तपासतं, तेवढ्यावर भागवू नका. आणि स्क्रीन असलेल्या केबलवर किंवा बंद लोखंडी केबल बॉक्सच्या बाहेरून तो काहीच दाखवणार नाही, तिथे गप्प बसला म्हणजे सप्लाय नाही असा अर्थ काढायचा नाही.

आता आयसोलेशन. ऑफ आणि आयसोलेट यात काय फरक आहे हे पोरांना पॅनलसमोर नेऊन दाखवा, तोंडी सांगून कळत नाही. एसीबी ऑफ आहे म्हणजे तो एका बटणाने परत ऑन होतो. रॅक आऊट करून कुलूप लावलं म्हणजे तो लावायला माणसाला तुमच्याकडे येऊन चावी मागावी लागते. बंद करताना आधी एलटीचा लोड काढायचा, मग एचटी ब्रेकर, आणि आयसोलेटर सगळ्यात शेवटी, कारण त्याला लोड तोडता येत नाही, लोडवर ओढला तर आर्क तुमच्या तोंडासमोर होतो. आयसोलेटर उघडल्यावर हँडलची दिशा बघून पुढे जायचं नाही, तिन्ही ब्लेड डोळ्यांनी बघायच्या, एखादी अडकून राहते. मग पोरांना विचारा, या ट्रान्सफॉर्मरला कुठून कुठून व्होल्टेज येऊ शकतं, आणि प्रत्येकाकडून एक तरी नाव काढून घ्या: डीजी, बस कपलरमधून शेजारचा ट्रान्सफॉर्मर, पीटीच्या सेकंडरीवर कुणी टेस्ट सप्लाय दिला तर तो, सोलर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर ग्रिड गेली की आपोआप बंद होतो हे खरं, पण आपोआप बंद होणारी वस्तू आपल्या आयसोलेशनच्या यादीत धरायची नाही. फॅन आणि टॅप चेंजरच्या मोटरचा सप्लाय वेगळ्या पॅनलवरून मार्शलिंग बॉक्समध्ये येतो, मेन बंद असूनही तिथे ४१५ असतात, हे तर हमखास विसरलं जातं.

अर्थिंगबद्दल पोरं नेहमी दोन गोष्टी विचारतात. पहिली, एलटीचा न्यूट्रल तर आधीच अर्थ केलेला आहे मग परत एलटीला अर्थ कशाला? न्यूट्रल अर्थ असला तरी फेजला व्होल्टेज येतंच की, रोज चालू ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थच असतो आणि फेजला २५० असतात. आपल्याला तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट करून अर्थला जोडायच्या असतात. दुसरी, एका बाजूला अर्थ केलं तर पुरत नाही का? नाही पुरत. समजा फक्त एचटी शॉर्ट करून अर्थ केलीय आणि डीजी बॅकफीड झाला, तर एचटीला जवळजवळ शून्य राहील पण एलटीच्या बुशिंगवर व्होल्टेज येणारच, आणि एलटीच्या लिंकवर काम करणारा माणूस जाईल. दोन्ही बाजूंना अर्थ असेल तर तेच बॅकफीड तुमच्या शॉर्टवर येऊन थांबतं आणि ब्रेकर ट्रिप होतो.

याहून बारीक गोष्ट केबलची. एचटी पॅनलमधला अर्थ स्विच लावला, परमिटवर लिहिलं, सगळं बरोबर. मग बुशिंग काढायचं म्हणून केबल बॉक्स उघडून केबल सोडवली. आता तो अर्थ कशावर राहिला? केबलवर. वाइंडिंगवर काहीच नाही राहिलं. हे मी पोरांना खडूने जमिनीवर काढून दाखवतो, पॅनल, केबल, ट्रान्सफॉर्मर, आणि मधली रेघ पायाने पुसतो, मग चेहरे बघण्यासारखे असतात. म्हणून कामाच्या जागेवर, डोळ्यांना दिसेल असा वेगळा अर्थ हवाच, आणि तो केबल सोडवायच्या आधी लागलेला हवा.

लावायचा क्रम सगळ्यांना पाठ असतो तरी हाताने करून घ्या. डिटेक्टरने तपासल्यावर, ग्लोव्हज घालून, क्लॅम्पचं अर्थकडचं टोक आधी, मग रॉडने फेजला. काढताना उलट, फेजवरून आधी, अर्थचं टोक शेवटी. क्रम चुकला तर मोकळं टोक तुमच्या हातात आणि दुसरं टोक लाइनवर. क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर बसवायचा नाही, घासून घ्यायचा आणि घट्ट आवळायचा, कारण फॉल्ट आला तर वायरला जोराचा झटका बसतो, ढिला क्लॅम्प उडून जातो. याच ट्रान्सफॉर्मरचा हिशोब करा: एलटीला फुल लोड साधारण ६६७ अँपिअर, इम्पीडन्स ४.५ टक्के धरला तर एचटी चुकून चालू झाल्यावर एलटीच्या शॉर्टमधून १४-१५ हजार अँपिअर जाऊ शकतात. एवढं सांगितल्यावर पोरगं पॅनलमधली उरलेली पातळ वायर अर्थ म्हणून आणत नाही.

परमिटचं मी शेवटी बोलतो, कारण आता त्यातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे त्यांना कळलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा नंबर बोर्डावर वाचून परमिटवर बोटाने जुळवायचा, शेजारी तसाच दुसरा चालू असतो. आयसोलेशनचे पॉइंट देणाऱ्याने घेणाऱ्याला नेऊन दाखवायचे, टेबलावर सही नाही. फोनवर परमिट नाही, आणि "४ वाजता चार्ज करा" हा प्रकार तर अजिबात नाही, घड्याळ बघून चार्ज करायचं नसतं, घेणाऱ्याने माणसं मोजून परमिट परत दिल्यावरच करायचं. दोन टीम एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतील तर दोन परमिट, दोन कुलपं. शिफ्ट बदलली तर नव्या माणसाने स्वतः फिरून सगळं बघून आपल्या नावावर घ्यायचं.

मेगर मारायचा असेल तर अर्थ काढावे लागतात, तिथे गडबड जास्त होते. त्यासाठी टेस्टचं वेगळं परमिट घ्या, बाकीच्यांची परमिटं तोवर परत घेऊन माणसं बाहेर काढा, आणि मेगर झाल्यावर वाइंडिंग रॉडने डिस्चार्ज करून लगेच रॉड काढू नका. टेस्ट जेवढा वेळ चालली निदान तेवढा वेळ तरी अर्थला ठेवा, नुसतं टेकवून काढलं तर थोड्या वेळात परत व्होल्टेज चढतं.

आणि अर्थच्या संचांना नंबर टाका, परमिटवर नंबरसकट लिहा. माझ्याकडे पिवळ्या पट्ट्यांचे संच आहेत, १ ते ६. जाताना चार गेले तर परत आलेले चार हातात घेऊन मोजल्याशिवाय मी परमिटवर सही करत नाही. एकदा तीनच आले, चौथा म्हणे गाडीत असेल. गाडीत नव्हता, एलटीच्या बसबारला मागच्या बाजूने तसाच लावलेला होता. ते संच मोजायला ज्या मुलीला मी सांगितलं होतं ती त्या वेळी अप्रेंटिस होती, आता माझ्या जागेवर तीच परमिट देते.